नकाशात न दिसणारं शिखर: देवळाचा आराखडा कसा वाचायचा

जुन्या देवळाचा नकाशा पहिल्यांदा हातात घेतला की नजर आपसूक शिखर शोधायला लागते, आणि ते सापडत नाही. कागदावर काळे ठोकळे असतात, ठिपक्यांसारखे खांब असतात, भोवती बारीक रेषा असतात. गावाच्या वेशीवरून दिसणारा सगळ्यात उंच भाग मात्र गायब. हे समजून घेतलं की बाकीचं सोपं होतं: शिखर नकाशात काढलेलं नसतं, पण ते गाभाऱ्याच्या भिंतीत वाचता येतं. भिंत किती जाड आहे आणि तिला बाहेरून कुठे कुठे घड्या पडल्या आहेत, एवढं नीट पाहिलं तर वर काय उभं आहे याचा बराचसा अंदाज जमिनीवरूनच बांधता येतो.

आधी नकाशा म्हणजे काय ते पाहू. देऊळ जमिनीपासून साधारण तीन-चार फुटांवर आडवं कापलं आणि वरचा भाग उचलून बाजूला ठेवला, तर वरून जे दिसेल ते नकाशात काढतात. जो दगड कापला गेला तो काळा भरलेला किंवा तिरप्या रेषांचा: भिंती, खांब, दाराच्या चौकटीच्या उभ्या शाखा. जे कापाच्या खाली आहे ते बारीक सलग रेषेत: जोतं, पायऱ्या, उंबरठा. आणि जे कापाच्या वर आहे, म्हणजे छत आणि तुळया, ते काढलेच तर तुटक रेषेत. मंडपाच्या मधोमध तुटक रेषांचे एकात एक चौकोन किंवा वर्तुळं दिसली तर ती फरशीवरची रांगोळी समजू नका, ते डोक्यावरचं छत आहे. सगळ्यात जास्त घोळ जोत्याच्या रेषेवरून होतो. जोतं भिंतीच्या बाहेर आलेलं असतं. बाहेरची बारीक रेष भिंत समजून मोजली की गाभाऱ्याची भिंत आहे त्यापेक्षा जाड निघते आणि पुढची सगळी गणितं बिघडतात. मोजायची ती काळ्या भरावाची कड.

आता दारापासून आत चला. आधी मुखमंडप, म्हणजे ओसरीसारखा छोटा भाग. मग खांबांचा सभामंडप. मग अचानक अरुंद होणारी जागा, ते अंतराळ. आणि शेवटी गाभारा. या सगळ्यातून मधोमध एक सरळ अक्षरेषा जाते. पेन्सिलीने ती आखून घ्या. मंडपाचे खांब तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असायला हवेत. ते नसतील, किंवा मंडपाचा मध्य आणि गाभाऱ्याच्या दाराचा मध्य एका रेषेत येत नसेल, तर मोजताना चूक झाली असेल किंवा मंडप नंतर कोणीतरी जोडला असेल. कोणतं खरं, ते जागेवर जोत्याच्या थरांवरून कळतं. गाभाऱ्याच्या जोत्याचे थर अंतराळावरून मंडपाकडे सलग जात असतील तर काम एका वेळचं, आणि मधेच तुटून वेगळ्या उंचीवर सुरू होत असतील तर मंडप मागाहून आला.

बारा हातांचं देऊळ

नियम नुसता सांगण्यापेक्षा एक देऊळ कागदावर बांधूनच पाहू. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत देवळाच्या मापांचे काही अगदी थेट नियम दिले आहेत. देवळाची उंची रुंदीच्या दुप्पट. त्या उंचीचा तिसरा भाग भिंतीचा. ‘विस्तारार्धं भवेद्गर्भो भित्तयोऽन्याः समन्ततः’, म्हणजे रुंदीच्या अर्धा गाभारा आणि उरलेली जागा चारी बाजूंनी भिंत. गाभाऱ्याच्या रुंदीचा चौथा भाग दाराची रुंदी, आणि दाराच्या त्या रुंदीच्या दुप्पट दाराची उंची.

रुंदी १२ हात धरू. एक हात म्हणजे २४ अंगुळं, आपल्या हिशेबाने साधारण दीड फूट. म्हणजे देऊळ बाहेरून १८ फूट चौरस, उंची २४ हात म्हणजे ३६ फूट. त्यातली पहिली ८ हात, म्हणजे १२ फूट, उभी भिंत आणि वरचे २४ फूट शिखर. गाभारा आतून ६ हात, म्हणजे ९ फूट चौरस. नागपुरातल्या जुन्या घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीपेक्षाही लहान. आणि भिंत? १८ फुटांतून ९ गेले, उरलेले ९ दोन बाजूंना वाटले: प्रत्येक भिंत साडेचार फूट जाड.

इथे थोडं थांबायला हवं, कारण क्षेत्रफळ काढलं की आकडा चकित करतो. बाहेरून १८ गुणिले १८ म्हणजे ३२४ चौरस फूट. आतली मोकळी जागा ९ गुणिले ९ म्हणजे ८१. पायाची तीन-चतुर्थांश जागा नुसत्या दगडाने भरलेली आणि देवासाठी एक-चतुर्थांश. एवढी जाड भिंत फक्त १२ फूट उंचीसाठी कोणी बांधणार नाही. ती वरच्या २४ फुटांसाठी आहे.

कसं, ते पाहा. साध्या नागर, म्हणजे उत्तर भारतीय पद्धतीच्या, शिखरात पायथ्याची रुंदी १० भाग धरली तर वर खांद्याशी, म्हणजे वक्र उतार संपून मान सुरू होते तिथे, ती ६ भाग ठेवतात. आपल्या देवळात पायथा १८ फूट, म्हणजे खांदा १०.८ फूट. मध्यरेषेपासून मोजलं तर शिखराची बाहेरची कड खाली ९ फुटांवर आहे आणि खांद्यापाशी ५.४ फुटांवर आलेली आहे. आणि गाभाऱ्याची पोकळी मध्यरेषेपासून किती? साडेचार फूट. म्हणजे शिखर पार खांद्यापर्यंत निमुळतं होत गेलं तरी त्याची बाहेरची कड पोकळीवर येतच नाही. ती पायापासून वरपर्यंत त्या साडेचार फूट जाड भिंतीच्याच डोक्यावर उभी आहे. थरामागून थर थोडाथोडा आत सरकतो, पण ज्या दगडी ठोकळ्यावर तो उभा आहे त्याच्या बाहेर जात नाही. वरचा भार सरळ भिंतीतून पायात उतरतो.

हे सरकणं किती असतं तेही काढता येतं. खांद्यापर्यंतची उंची १८ फूट धरली आणि एकेक थर एक फुटाचा मानला, तर १८ थरांत एकूण ३.६ फूट आत यायचं आहे. सरासरी थरामागे अडीच इंचांच्या आत. वक्र रेष असल्यामुळे खालचे थर जवळजवळ उभे असतात आणि वरचे जास्त झुकतात. म्हणूनच नागर शिखर खालून पाहताना आधी सरळ वर जातं असं वाटतं आणि वर गेल्यावर भरभर मिटतं. खांद्यावर मग मान, तिच्यावर खाचा पाडलेला चक्राकार आमलक, आणि त्यावर कळस. बोलताना आपण सगळ्या शिखरालाच कळस म्हणतो. नकाशाच्या भाषेत कळस म्हणजे फक्त टोकावरचा घट. आमलकही नुसता शोभेचा नाही: चारी बाजूंनी मिटत आलेल्या थरांवर तो वजनासारखा बसतो आणि त्यांना दाबून धरतो.

गाभाऱ्यात उभं राहून वर पाहिलं तर शिखराची पोकळी सहसा दिसत नाही, छत दिसतं. त्यामुळे शिखर त्या छतावर टेकलेलं आहे असा समज होतो. तसं नसतं. छत भिंतींमधलं झाकण आहे, त्याच्यावर बहुतेक वेळा बंद पोकळी असते, आणि शिखर त्या पोकळीभोवती भिंतीवर उभं असतं.

भिंतीच्या घड्या

आता नकाशातली बाहेरची कड बारकाईने पाहा. ती सरळ नसते. मधला भाग पुढे आलेला, त्याच्या बाजूचे थोडे मागे, कोपरे आणखी मागे. मधल्या भागाला भद्र, कोपऱ्याला कर्ण आणि दोघांमधल्याला प्रतिरथ म्हणतात. एका बाजूला असे किती उभे पट्टे आहेत ते मोजा. तीन असतील तर त्रिरथ, पाच असतील तर पंचरथ, सात तर सप्तरथ. मोजताना कोपरे धरायला विसरू नका. नवखे लोक फक्त पुढे आलेले भाग मोजतात आणि पंचरथाला त्रिरथ म्हणून मोकळे होतात.

आपली बाजू १२ हातांची आहे. ती पंचरथ करायची तर कर्ण २, प्रतिरथ २, भद्र ४, पुन्हा प्रतिरथ २, कर्ण २ अशी वाटता येते. म्हणजे भद्र ६ फूट रुंद आणि बाकीचे पट्टे तीन-तीन फुटांचे. या घड्या भिंतीपाशी संपत नाहीत. त्याच रेषा शिखरावर चढतात, आणि शिखर निमुळतं होतं तसे सगळे पट्टे त्याच प्रमाणात अरुंद होत जातात. पायथ्याशी ६ फुटांचं भद्र खांद्याशी ३.६ फूट उरतं, तीन फुटांचा कर्ण १.८ फूट. नकाशातली घडी म्हणजे शिखरावरची उभी रेष, इतका तो थेट संबंध आहे. ज्या देवळाचं शिखर पडून गेलंय तिथे नुसत्या भिंतीच्या घड्यांवरून वरचे पट्टे किती होते हे सांगता येतं, ते याच कारणाने.

रुंदी कर्णापासून कर्णापर्यंत धरायची, हा इथला महत्त्वाचा मुद्दा. भद्रापासून समोरच्या भद्रापर्यंत मोजलं तर पुढे आलेले भाग हिशेबात येतात, रुंदी वाढते आणि मग गाभारा रुंदीच्या अर्धा येत नाही, भिंतीचा आकडा चुकतो, सगळंच विस्कटतं. आपलं माप ग्रंथाशी जुळत नाही अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा.

आपल्या महाराष्ट्रात, अकराव्या ते तेराव्या शतकातल्या दगडी देवळांवर बहुधा भूमिज शिखर दिसतं. अंबरनाथचं शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं शिवालय आणि सिन्नरचा गोंदेश्वर ही त्यातली ठळक नावं. त्यात भद्राचे चार रुंद पट्टे वर जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या आडव्या-उभ्या रांगा बसवतात. अशा देवळांचा नकाशा अनेकदा चांदणीसारखा येतो, कारण चौकोन मध्याभोवती थोडाथोडा फिरवून कोपरे काढलेले असतात. १० ला ६ हे प्रमाण साध्या नागर शिखराचं, ते भूमिजाला जसंच्या तसं लावू नये. घड्या मोजायची रीत मात्र तीच. आणि जाता जाता एक: चुन्याविना रचलेल्या प्रत्येक काळ्या दगडी देवळाला आपण हेमाडपंती म्हणतो, पण हेमाद्री तेराव्या शतकातल्या यादवांचा मंत्री होता, आणि अंबरनाथसारखी कितीतरी देवळं त्याच्या दोनशे वर्षं आधीची आहेत.

मंडप हलका का असतो

गाभारा म्हणजे दगडात ठेवलेली छोटी पोकळी. मंडप बरोबर उलटा: मोठी पोकळी, तिला टेकू देणारे मोजके खांब. नकाशात नुसती काळ्या भागाची दाटी पाहिली तरी हा फरक कळतो. म्हणून मंडपावर उंच शिखर चढवत नाहीत, पायऱ्यांसारखं उतरतं किंवा घंटेच्या आकाराच्या दगडांच्या रांगांचं बसकं छप्पर ठेवतात.

मंडपाला शिल्पग्रंथ गाभाऱ्याच्या बाहेरच्या रुंदीएवढी किंवा तिच्याहून वाढत जाऊन दुपटीपर्यंत रुंदी देतात. आपण सरळ १८ फूट घेऊ, मधे चार खांब, आणि त्यांच्यातलं अंतर ९ फूट. ही मधली चौकट आतल्या गाभाऱ्याएवढीच झाली. आता तिच्यावर छत कसं घालायचं? दगड दाबाला घट्ट, पण वाकवलं की खालच्या बाजूने फाटतो. ९ फुटांच्या चौकटीवर सपाट शिळा टाकणं धोक्याचं. म्हणून आधी चारी कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकतात, एका तुळईच्या मध्यापासून शेजारच्या तुळईच्या मध्यापर्यंत. मधे फिरलेला चौकोन उरतो, त्याची बाजू साधारण ६.४ फूट. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तसंच केलं की बाजू साडेचार फूट होते. दोन फेऱ्यांत ९ फुटांचं अंतर निम्म्यावर आलं, आणि वर एकच शिळा झाकणासारखी ठेवता येते. नकाशातले ते तुटक रेषांचे एकात एक फिरलेले चौकोन म्हणजे हेच. वर्तुळं असतील तर कोपरे कापून आठ बाजू केल्या आहेत आणि त्यावर गोल कडी चढवत नेली आहेत.

मंडपाचं गाभाऱ्याशी आणखी एक नातं आहे, आणि ते आपल्याच बारा हातांच्या देवळात मोजून दाखवता येतं. दार गाभाऱ्याच्या चौथ्या भागाएवढं, म्हणजे ३६ अंगुळं रुंद आणि ७२ अंगुळं उंच: सव्वादोन फूट बाय साडेचार फूट. आत जाताना वाकावंच लागतं. वराहमिहिर पुढे सांगतो की पीठासकट मूर्ती दाराच्या उंचीहून एक-अष्टमांश कमी असावी, त्यातले दोन भाग मूर्ती आणि एक भाग पीठ. ७२ मधून ९ गेले, ६३ उरले: मूर्ती ४२ अंगुळं, पीठ २१. मूर्तीचं डोकं जमिनीपासून सुमारे ४७ इंचांवर, आणि दाराची वरची कड ५४ इंचांवर.

साडेपाच फुटी माणसाचे डोळे साधारण ६२ इंचांवर असतात, म्हणजे दाराच्या वरच्या कडेपेक्षा ८ इंच वर. तो दारापासून ६ फुटांवर उभा राहिला तर त्याची नजर दाराच्या कडेखालून तिरपी आत जाते आणि मूर्तीपाशी, म्हणजे आणखी ९ फूट आत, ४२ इंचांवर उतरते. मूर्तीचं मस्तक त्याला दिसत नाही. तोच माणूस अंतराळाचे साडेचार फूट आणि अर्ध्या मंडपाचे ९ फूट मागे, म्हणजे साडेतेरा फुटांवर, मंडपाच्या अगदी मधल्या शिळेखाली उभा राहिला, तर नजर मूर्तीपाशी सुमारे ४८.७ इंचांवर येते. पूर्ण मूर्ती दिसते. मंडपात सपाट बसून पाहणाऱ्याला तर काहीच अडचण नाही, त्याचे डोळे दाराच्या कडेच्या खालीच असतात. हे कारण ग्रंथात लिहिलेलं नाही, पण मापं अशी जुळतात. मंडप म्हणजे गर्दीची सोय एवढंच समजून तो नंतर हवा तसा लांबवला, फरशीवर फरशी घालून उंच केला, की हा जुळलेला कोन पहिल्यांदा बिघडतो. मंडपाची फरशी सहा इंच वर आली की डोळाही सहा इंच वर जातो, दाराची कड मात्र तिथेच राहते. मग मंडपाच्या मध्यावरून मूर्तीचा गळा दिसतो आणि मस्तक दिसत नाही.

सांधा: अंतराळ

एका बाजूला उंच, जड शिखर. दुसऱ्या बाजूला हलका मंडप. दोघांच्या मधे अंतराळ, आणि त्याच्या डोक्यावर शिखराच्या पुढ्यात चोचीसारखा आलेला भाग, शुकनास. मेवाडचा पंधराव्या शतकातला सूत्रधार, म्हणजे देवळं बांधणारा स्थपती, मंडन म्हणतो की मंडपाच्या छपराची घंटा, म्हणजे घंटेच्या आकाराचं टोक, शुकनासाच्या बरोबरीने असावी, कमी चालेल, वर जाता कामा नये. डोळ्यांना हे चढत्या ओळीसारखं दिसतं: मुखमंडप, मंडप, शुकनास, शिखर. बांधणीच्या दृष्टीने पाहिलं तर मंडपावर त्याच्या खांबांना झेपेल त्यापेक्षा जास्त वजन येऊ नये याची ही सीमारेषा आहे.

देऊळ फाटायला सुरुवात होते ती इथेच. जड शिखर पायात जास्त खचतं, हलका मंडप कमी. दोन्ही वेगवेगळे बसायला लागले की अंतराळाच्या भिंतीत वरून खाली जाणारी उभी भेग येते. विदर्भाच्या काळ्या मातीत यात आणखी भर पडते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे भेग मे महिन्यात एक दिसते आणि सप्टेंबरमध्ये वेगळी.

शिखर मंडपाला काय करू शकतं हे पाहायचं तर गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. तिथल्या मुख्य देवळावर वीज पडली, शिखराचा वरचा भाग कोसळला आणि तो मंडपाच्या छतावर आला. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७० च्या दशकात तिथे पोचले तेव्हा हे घडून बराच काळ लोटला होता. आपल्या गणितावरून त्याचं कारण दिसतं. शिखराचा भार उभा खाली भिंतीत जातो तोवर मंडपाला त्याची झळ नाही. तोच भार आडवा पडला की समोरच्या बाजूला त्याच्या वाटेत आधी अंतराळ आणि मग मंडपाचं, चार तुळयांवर उभं असलेलं छत. साडेचार फूट भिंतीसाठी असलेलं वजन ते कसं घेणार?

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला रामटेक. गडावरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली देवळं आज उभी आहेत त्या रूपात त्यांच्या गाभाऱ्यावर शिखर नाही, सपाट छत आहे. नागपूरहून सकाळी निघून दुपारी परतता येईल एवढ्या अंतरावर ही देवळं आहेत, आणि गाभारा व मंडप हे दोन वेगळे ठोकळे एकमेकांना कसे टेकतात हे पाहायला यांच्याइतकी मोकळी उदाहरणं जवळपास नाहीत. आधी ती पाहावी आणि मग शिखर असलेलं देऊळ वाचायला घ्यावं.

बिघाड कुठे होतो

जीर्णोद्धारात सगळ्यात घातक सूचना असते ती ‘गाभारा लहान पडतो, आतून भिंत थोडी काढू’ ही. आपलं देऊळ घ्या. ९ फुटांचा गाभारा १४ फुटांचा केला तर भिंत दोन फूट उरते आणि पोकळी मध्यरेषेपासून ७ फुटांपर्यंत जाते. शिखराचा खांदा ५.४ फुटांवरच आहे. म्हणजे आधी भिंतीवर असलेला वरचा भाग आता पोकळीवर आला. दगड लगेच पडणार नाहीत, थर एकमेकांना धरून काही काळ राहतील, आणि म्हणूनच काम करणाऱ्याला वाटतं की काही झालं नाही. तिजोरीसाठी किंवा विजेच्या बोर्डासाठी भिंतीत खोल कोनाडा खणणं हे त्याच चुकीचं लहान रूप आहे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुन्या मंडपावर सिमेंटचा सलग स्लॅब घालून तो गाभाऱ्याच्या भिंतीत घट्ट रुतवणं. चुन्याविना रचलेला मंडप सांध्यासांध्यांत थोडा हलू शकतो. स्लॅबने तो शिखराला बांधून टाकला की दोघांची वेगवेगळी हालचाल जिरायला जागा राहत नाही, आणि भेग मग जुन्या दगडात जाते.

जागेवर पाहताना आधी मंडपाच्या तुळया खालून पाहा. मधोमध खालच्या कडेला उभी केसासारखी चीर असेल तर ती तुळई वाकून फाटली आहे, आणि जुन्या देवळांत अशा तुळईखाली मागाहून लावलेला, बाकीच्यांशी न जुळणारा एखादा जाडाभरडा खांब दिसतो. नकाशात अक्षाच्या हिशेबात न बसणारा खांब सापडला की त्याच्या डोक्यावर पाहा, बहुतेक वेळा चीर सापडेल. मग गाभाऱ्याच्या भिंतीची जाडी. आत मोजायला जाऊ देत नाहीत, त्याची गरजही नाही: दारातून उंबरठ्याची खोली मोजली की समोरच्या भिंतीची जाडी मिळते, मात्र दाराच्या चौकटीचं पुढे आलेलं नक्षीकाम त्यातून वजा करा. गाभाऱ्यातलं पाणी बाहेर नेणारी प्रणाळ दिसत असेल तर तिथूनही अंदाज येतो. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या देवळात ती बहुतेक उत्तरेच्या भिंतीत असते.

शेवटी अंतराळाची भेग. तिच्यात चुना, सिमेंट किंवा ऑइलपेंट भरलेलं असेल तर आतली धार ताजी आहे की काळवंडलेली ते आधी पाहा. भेग चालू आहे का हे ठरवायला तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवतात आणि प्लास्टरवर तारीख लिहितात. संरक्षित स्मारक असेल तर हे काम पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय करू नये. पट्टी तडकली तर हालचाल सुरू आहे. पण एकदा तडकली म्हणून घाबरायचं नाही आणि दोन महिने टिकली म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही, कारण काळ्या मातीचा एक पूर्ण फेरा, एका उन्हाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, गेल्याशिवाय त्या भेगेचा खरा स्वभाव कळत नाही.